खानापुरातलं झेरॉक्सचं दुकान खरंच किती वेळ भरलेलं असतं?

माझ्या भाच्याचं बेळगावजवळच्या खानापुरात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. एक खोली, एक कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, एक प्रिंटर आणि हे सगळं चालवणारा तो एकटा. जात-उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, जमिनीचा उतारा, आधारची प्रत, असं काहीही काम घेऊन लोक येतात. जांबोटी, नंदगड, लोंढ्याकडून बसनं आलेली माणसंही त्यात असतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी बहिणीकडे गेलो होतो. भाचा म्हणाला, "मामा, एक पोरगा कामाला ठेवूलोय. दुसरा कॉम्प्युटर पण घेणार. सकाळपासनं मान वर करायला सवड नाही की." मी बेळगावात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. त्यामुळे "सवड नाही" म्हणजे तासातली किती मिनिटं, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. त्यानं हिशोब करून ठेवलेलाच होता. मागच्या आठवड्यात साडेदहा ते दीड या वेळेत रोजची गिऱ्हाइकं त्यानं वहीत मांडली होती, तासाला साधारण बारा. "तासाला बारा येतात आणि तासाला बारा मी उरकतो. म्हणजे मी शंभर टक्के भरलोय. आणखी एक जरी वाढला तर झालं."

त्याच्या हिशोबातली ही चूक इतकी स्वाभाविक आहे की मी ती एम.एस्सी.च्या मुलांच्या प्रोजेक्टमध्येही पाहिली आहे. दुकानातून तासाला बारा जण बाहेर पडतात हे खरंच. पण तासाला बारा जण आत येत असतील आणि कोणी कायमचं आत अडकून राहत नसेल, तर बाराच बाहेर पडणार. तो आकडा त्याच्या हाताचा वेग सांगत नाही, गिऱ्हाइकं येण्याचा वेग सांगतो. समोर सतत कोणीतरी असतं तर त्यानं तासाला किती उरकले असते, तो त्याचा खरा वेग. तो काढायचा तर रिकामा वेळ भाजकातून वजा करावा लागतो. तो वजा न करता हिशोब केला, तर दिवसभर माशा मारणारा दुकानदारसुद्धा शंभर टक्के भरलेला निघेल.

म्हणून मी सहा कामाच्या दिवशी सकाळी साडेदहा ते दीड बाकड्यावर वही घेऊन बसलो. दुकान दहाला उघडतं. पहिला अर्धा तास मी मुद्दाम सोडला, कारण कुलूप काढल्याबरोबर दुकान रिकामंच असणार आणि ती अवस्था नेहमीची नव्हे. वहीत प्रत्येकाच्या तीन वेळा टिपल्या: दारात आला तेव्हाची, काउंटरवर काम सुरू झालं तेव्हाची आणि काम संपलं तेव्हाची.

तीन रकाने ऐकायला सोपे वाटतात, पण पहिल्याच दिवशी अडलं. एक आजोबा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आले. फॉर्म कानडीत, आजोबा सांगणार मराठीत आणि भाचा विचारून विचारून टाइप करणार. शेवटी ओटीपी आला तो मुलाच्या मोबाइलवर, आणि मुलगा गोव्यात कामाला. त्यानं फोन उचलेपर्यंत सहा मिनिटं गेली. त्या सहा मिनिटांत भाचा मोकळा होता की गुंतलेला? मी नियम ठरवला की पुढच्याला घेता येत नसेल, तर तो गुंतलेला. हात रिकामे असले तरी चालेल. ओटीपीची वाट बघताना त्यानं मधेच कुणाची झेरॉक्स काढून दिली, तर ती मिनिटं त्या झेरॉक्सवाल्याच्या नावावर मांडली आणि आजोबांच्या कामातून तेवढी वजा केली. नियम कुठलाही ठरवा, पण सहाही दिवस तोच पाळा. नाहीतर "भरलेला वेळ" या शब्दाचा अर्थ रोज बदलत राहतो.

सहा दिवसांची एकूण वेळ १०८० मिनिटं झाली. त्यात २१३ गिऱ्हाइकं आली आणि भाचा ८५८ मिनिटं गुंतलेला होता. एका गिऱ्हाइकाला सरासरी चार मिनिटं लागली. म्हणजे समोर सतत कोणी असतं तर त्यानं तासाला पंधरा उरकले असते. तासाला येणारे बारा, उरकण्याची ताकद पंधरा, म्हणून गुंतलेल्या वेळेचा वाटा बारा भागिले पंधरा, ०.८. थेट मोजलं तरी ८५८ भागिले १०८० म्हणजे ०.७९४ येतं.

हे जुळलं यात नवल काहीच नाही. दोन्ही आकडे एकाच वहीतले आहेत, एकाच बेरजेची दोन रूपं. सूत्राचा उपयोग पुढे होतो, तो आधी मांडतो. येण्याच्या वेगाला λ म्हणतात, उरकण्याच्या वेगाला μ आणि त्यांच्या भागाकाराला ρ.

```
ρ = λ / μ        (λ < μ असेल तरच)
```

हे असं का, ते समजून घ्यायला समीकरणांची गरज नाही. प्रत्येक गिऱ्हाईक आपल्याबरोबर काही मिनिटांचं काम घेऊन येतं. तासाला बारा जण, प्रत्येकाचं सरासरी चार मिनिटांचं काम, म्हणजे दर तासाला दुकानात अठ्ठेचाळीस मिनिटांचं काम येऊन पडतं. रांग असताना भाचा स्वस्थ बसत नाही, आणि रांग कायमची वाढत जात नाही. मग आलेलं काम शेवटी त्याच्याच हातून जाणार, त्यासाठी त्याला तासाला अठ्ठेचाळीस मिनिटं द्यावीच लागणार, आणि उरलेली बारा मिनिटं तो रिकामा. दीर्घकाळात हे चुकवताच येत नाही. छोट्या वेळा पुष्कळ आणि फार लांब वेळा थोड्या, अशा मांडणीला घातांकी वितरण म्हणतात. या युक्तिवादात त्याचा कुठेही उल्लेख आला नाही, हेही लक्षात घ्या. ०.८ हा आकडा फक्त सरासऱ्यांवर उभा आहे. काम नेमकं चार-चार मिनिटांचं असतं, तरी तो बदलला नसता.

मग घातांकी वितरण हवं कशाला? भाच्याच्या तक्रारीचं उत्तर ०.८ मध्ये नव्हतं म्हणून. मी त्याला सांगितलं की तू तासाला बारा मिनिटं रिकामा असतोस. तो हसला आणि म्हणाला, "मामा, काल तुम्हीच बसला होता की. अकरापासनं सव्वापर्यंत मी एकदा तरी रिकामा दिसलो काय?" वही बघितली. खरंच, त्या दिवशी सलग दोन तास पंधरा मिनिटं काउंटरवर कोणी ना कोणी होतंच.

दुकानाचा वेळ आळीपाळीनं दोन प्रकारच्या तुकड्यांत विभागलेला असतो. एक रिकामा तुकडा, मग पहिलं गिऱ्हाईक आल्यापासून पुन्हा रिकामं होईपर्यंतचा भरलेला तुकडा, मग पुन्हा रिकामा. येण्यामधली अंतरं घातांकी असली, तर दुकान रिकामं झाल्यावर पुढचा माणूस यायला सरासरी पाचच मिनिटं लागतात, कारण शेवटचा माणूस किती वेळापूर्वी आला याची त्या वितरणाला आठवण नसते. भरलेल्या तुकड्याची सरासरी लांबी 1/(μ − λ) असते, म्हणजे तासाला पंधरा वजा बारा, तीन, म्हणून वीस मिनिटं. वीस भरलेली, पाच रिकामी, पंचविसातली वीस म्हणजे पुन्हा ०.८. वहीत भरलेले तुकडे ४३ निघाले, सरासरी जेमतेम वीस मिनिटांचे, आणि रिकामे तुकडे सरासरी पाच मिनिटांहून किंचित जास्त.

पण वीस मिनिटं ही सरासरी फार फसवी आहे. भाचा एका माणसाचं काम करत असताना दुसरा येण्याआधीच ते काम संपलं, तर तो तुकडा एकाच गिऱ्हाइकात आटोपतो. याची शक्यता μ/(λ + μ), म्हणजे सत्तावीसातले पंधरा, निम्म्याहून थोडी जास्त. ४३ पैकी २४ तुकडे असेच एका माणसाचे होते. मग सरासरी वीसवर नेतं कोण? दोन-दोन तास चालणारे मोजके तुकडे. तुकड्यांच्या लांबीचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, सूत्रानं साठ मिनिटं येतं, सरासरीच्या तिप्पट. आणखी एक गंमत आहे. दुकान भरलेलं असताना कुठल्याही क्षणी डोकावलं, तर आपण लांब तुकड्यातच सापडण्याची शक्यता जास्त, कारण लांब तुकडा जास्त वेळ व्यापतो. असा डोकावलेला तुकडा सरासरी किती लांब? लांबीच्या वर्गांची सरासरी भागिले सरासरी. वर्गांची सरासरी साठाचा वर्ग अधिक विसाचा वर्ग, म्हणजे ४०००, भागिले २०, दोनशे मिनिटं. आमची सकाळच मुळात एकशे ऐंशी मिनिटांची.

म्हणजे भाचा खोटं बोलत नव्हता. त्याच्या भरलेल्या मिनिटांपैकी बहुतेक मिनिटं खरोखरच न संपणाऱ्या तुकड्यांतली होती, आणि माणसाला लक्षात राहतं ते तेच. पाच-पाच मिनिटांच्या रिकाम्या तुकड्यांत तो मोबाइल बघायचा किंवा कागदाचं बंडल फोडायचा. ती मिनिटं त्याच्या आठवणीत सवड म्हणून नोंदलीच गेली नव्हती.

आता ०.७९४ वर विश्वास किती ठेवायचा, ते बघू. सहा सकाळी म्हणजे भरपूर झालं असं वाटतं. दीर्घकाळात गुंतलेली मिनिटं म्हणजे आलेल्या कामाची मिनिटं, तेव्हा एकाच्या चढउतारावरून दुसऱ्याचा चढउतार कळतो. माणसं किती येतील ते बदलतं आणि प्रत्येक जण किती काम आणेल तेही बदलतं. दोन्ही घातांकी धरले तर गुंतलेल्या वाट्याचं प्रमाण विचलन असं येतं:

```
√( 2ρ / (μ·t) )
```

इथे 1/μ चार मिनिटं आणि t म्हणजे १०८० मिनिटं. उत्तर जवळजवळ ०.०८. दोन्ही बाजूंना त्याची दुप्पट सोडली तर खरा आकडा ०.६४ ते ०.९५ मध्ये कुठेही असू शकतो. एकाच सकाळचं मोजमाप घेतलं असतं तर विचलन ०.१९ आलं असतं, म्हणजे त्या मोजमापाला काही अर्थच उरला नसता. आकडा ०.०२ इतका पक्का करायचा तर सुमारे साडेचारशे तास... नाही, मीच घाईत चुकलो. सूत्रातलं 2ρ/μ म्हणजे 6.4, आणि 6.4 भागिले 0.02 चा वर्ग, 0.0004, म्हणजे १६,००० मिनिटं, अदमासे २६७ तास. तीन-तीन तासांच्या नव्वद सकाळी. "दीर्घकाळात" हा शब्द पुस्तकात सहज येतो, पण त्याची किंमत अशी असते. आणि नव्वद सकाळी मोजत बसलो तर मधे जून येतो, मग येण्याचा वेग तोच राहत नाही.

घातांकी हा शब्द मी इथवर गृहीत धरला. तो तपासायला वहीतच सोय आहे. घातांकी वितरणात सरासरीपेक्षा जास्त वेळ घेणारे साधारण ३७ टक्के असतात आणि सरासरीच्या तिपटीहून जास्त वेळ घेणारे ५ टक्के. आमच्या २१३ जणांत चार मिनिटांहून जास्त घेणारे ७६ म्हणजे ३६ टक्के, आणि बारा मिनिटांहून जास्त घेणारे १२, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आसपास. कामाच्या वेळेपुरतं ठीक जुळलं. त्याचं कारणही डोळ्यांसमोर होतं: आधारच्या एका झेरॉक्सला अर्धं मिनिट आणि गोव्याच्या ओटीपीवाल्या दाखल्याला पंचवीस मिनिटं, हे दोघेही एकाच रांगेत उभे. हीच मोजणी उसाच्या वजनकाट्यावर केली असती, तर घातांकी म्हणायचं धाडस मी केलं नसतं, कारण तिथे प्रत्येक ट्रॅक्टरला जवळपास सारखाच वेळ लागतो.

येण्याच्या बाबतीत मात्र कुसळ होतं. बस आली की चार-पाच जण एकदम दारात. त्याचा परिणाम पुढे दिसला.

एक प्रश्न भाच्यानं स्वतःच काढला. "माझा ८० टक्के वेळ भरलेला म्हणजे येणाऱ्या दहांतल्या आठांना थांबावं लागतं काय?" नेहमीच असं होत नाही. समजा लोक वेळ ठरवून दर पाच मिनिटांनी एक आले आणि प्रत्येकाचं काम बरोबर चार मिनिटांचं असलं. मग भाचा ८० टक्के वेळ गुंतलेला असेल, पण थांबावं कुणालाच लागणार नाही. लोक एकमेकांशी न ठरवता, प्वासाँ प्रक्रियेनं येत असतील, तर येणाऱ्याला दिसणारं दुकान आणि घड्याळाला दिसणारं दुकान सारखं असतं. आमच्या वहीत रिकामं काउंटर मिळालेले ४३ होते, कारण प्रत्येक भरलेला तुकडा अशाच एका माणसापासून सुरू होतो. थांबावं लागलेले १७०, म्हणजे जवळजवळ ८० टक्के.

हा सगळा हिशोब टेलिफोनच्या जमान्यातला आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांगनं १९०९ साली कॉल येण्याच्या प्रक्रियेवर पहिला निबंध लिहिला. आमच्या दुकानासारख्या रचनेला एम/एम/१ हे नाव मात्र केंडॉलच्या १९५३ च्या लेखनपद्धतीमुळे मिळालं.

आता पोरगा ठेवायचा की नाही. ऑक्टोबरच्या हिशोबानं दुकानात एका वेळी सरासरी ρ/(1 − ρ), म्हणजे चार जण असतात, आणि आल्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी वीस मिनिटं लागतात. भाच्याची खरी भीती जूनची होती, शाळा-कॉलेज प्रवेशांची. मागच्या जूनवरून त्याचा अंदाज तासाला चौदाचा. चौदा भागिले पंधरा म्हणजे ०.९३. त्याचा गुंतलेला वेळ ८० वरून ९३ टक्क्यांवर गेला, म्हणजे तासाला आठ मिनिटं जास्त. पण गिऱ्हाइकाचा दुकानातला वेळ 1/(15 − 14) तास, म्हणजे वीस मिनिटांवरून एक तासावर. माणसं कुरकुरतात ती या तासाबद्दल, आणि भाचा स्वतःच्या आठ मिनिटांत अडकला होता.

बहिणीनं मधेच विचारलं, "आणि सोळा आले तर रे?" सोळा भागिले पंधरा १.०७ होतं. पण कुणीही १०७ टक्के गुंतलेला असू शकत नाही. अशा वेळी सूत्र लागूच होत नाही, कारण रांग स्थिरावत नाही. प्रत्यक्षात काही जण दारातून रांग बघून परत जातात आणि वहीत त्यांचं नावच येत नाही. मग गुंतलेला वाटा येतो तो आत आलेल्यांच्या वेगावरून. म्हणूनच वही बघून ०.९५ आलं, तर त्याचा अर्थ "अजून ५ टक्के जागा आहे" असा लावू नये. परत गेलेले त्यात दिसत नसतात.

वेग वाढवायचा दुसरा मार्ग म्हणजे चार मिनिटांना हात घालणं. वहीत बघितलं तर लांबलेल्या कामांतली बरीच मिनिटं कागद शोधण्यात जात होती: रेशनकार्ड पिशवीच्या तळाशी, पासबुक घरी, ओटीपीचा मोबाइल दुसऱ्याकडे. बाहेर मराठीत आणि कानडीत मोठ्या अक्षरांत यादी लावायची, कुठल्या अर्जाला कुठले कागद आणि मोबाइल कुणाचा आणायचा. त्यानं सरासरी चारवरून साडेतीन मिनिटांवर आली, तर चौदाच्या गर्दीतही ρ ०.८२ राहतो आणि गिऱ्हाईक एकोणीस मिनिटांत बाहेर पडतं. ऑक्टोबरपेक्षाही लवकर. पोराचा पगार आणि कॉम्प्युटर, याच्यासमोर फळ्याचा खर्च म्हणजे रंगाचा डबा. मी म्हटलं, आधी फळा लाव, मग जूनमध्ये मोजू.

जूनमध्ये मला तीनच सकाळी मिळाल्या, तेही कणकुंबीकडचा पाऊस खाली उतरायच्या आत. ५४० मिनिटांत १२७ गिऱ्हाइकं, म्हणजे तासाला चौदाहून किंचित जास्त, आणि गुंतलेली ४४९ मिनिटं. सरासरी काम साडेतीन मिनिटांचं, वाटा ०.८३. अंदाजाशी हे छान जुळलं, पण ५४० मिनिटांत विचलन ०.१ असतं, तेव्हा या जुळण्यात निम्मा योगायोग आहे हे मी भाच्याला सांगून टाकलं.

जुळलं नाही ते थांबणं. या आकड्यांनी गिऱ्हाईक साधारण एकवीस मिनिटांत बाहेर पडायला हवं होतं, वहीत सव्वीस निघाली. आलेल्या वेळांचा रकाना बघितल्यावर कारण दिसलं: बसच्या वेळांना पाच-पाच, सहा-सहा नोंदी एकाच मिनिटाच्या. एकदम आलेल्या पाचांनी भाच्याचं एकूण काम वाढत नाही, म्हणून ०.८३ ला धक्का बसला नाही. पण त्यातल्या पाचव्याला आधीच्या चौघांची कामं संपेपर्यंत बसावं लागतं, आणि हे बसणं सुटे-सुटे येणाऱ्यांसाठी काढलेल्या सूत्रात धरलेलंच नाही.

भाच्यानं पोरगा ठेवला नाही. बसच्या वेळेला शेजारच्या चहावाल्याच्या मुलाला तासभर झेरॉक्सवर उभं करायचं ठरवलं आहे. त्यानं रांगा दोन होतील, आणि मग माझी वही पुन्हा पहिल्या पानापासून.